सोनोग्राफी नॉर्मल आहे, मग चौदा दिवसांच्या गोळ्या कशाला?

*नमस्कार डॉक्टर मॅडम, मी २४ वर्षांची, इंदूरला सासरी असते. लग्नाला दहा महिने झाले. तीन आठवड्यांपासून ओटीपोटात दुखतंय, अंगावरून पिवळट पांढरं जातंय, संबंधाच्या वेळी आत कळ येते आणि दोनदा मधेच थोडं रक्त दिसलं. कॉलनीतल्या दवाखान्यातून पाच दिवसांच्या गोळ्या घेतल्या. थांबलं आणि आठवड्यात पुन्हा सुरू झालं. सोनोग्राफी नॉर्मल आहे. मग एका लेडी डॉक्टरांनी आतून तपासलं, लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट केली, ती नाही आली. त्यांनी एक इंजेक्शन आणि दोन प्रकारच्या गोळ्या चौदा दिवस लिहून दिल्या, नवऱ्यालाही घेऊन या म्हणाल्या. हे पिथमपूरला नोकरीला आहेत, म्हणतात मला काय झालंय? सासूबाई म्हणतात, हे सगळ्याच बायकांना होतं, एवढ्या गरम गोळ्या घेतल्यास तर मूल राहायला त्रास होईल. चार दिवस झाले, चिठ्ठी पर्समध्येच आहे. रिपोर्ट नॉर्मल असताना एवढं औषध घ्यायचं का?*

तुझा मेल आला त्याच दिवशी दोन ओळींत कळवलं होतं की इंजेक्शन आजच घे आणि गोळ्या आजच्या जेवणापासून सुरू कर. सदर छापून येईपर्यंत थांबण्यासारखं हे काम नव्हतं. आता कारणं सविस्तर सांगते, कारण अशी चिठ्ठी पर्समध्ये ठेवून फिरणारी तू एकटी नाहीस.

आधी सोनोग्राफीचं बघू. गर्भाशय, त्याच्या दोन्ही नळ्या आणि आजूबाजूच्या भागात जंतूंमुळे सूज येते, तिला आम्ही डॉक्टर पीआयडी म्हणतो. सुरुवातीच्या दिवसांत ती सोनोग्राफीत बहुधा दिसतच नाही. नळीत पू साठला, नळी फुगली किंवा अंडाशयाजवळ गाठ झाली, की मग पडद्यावर काहीतरी दिसतं. म्हणजे सोनोग्राफीत दिसेपर्यंत वाट बघायची, तर नुकसान होईपर्यंत वाट बघायची. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ एवढाच की गाठ झालेली नाही. ही चांगली बातमी आहे, पण सूज नाही असं त्यातून सिद्ध होत नाही.

खरी तपासणी तुझ्या लेडी डॉक्टरांनी केली, ती बोटांनी. आतून तपासताना गर्भाशयाचं तोंड हळूच इकडेतिकडे हलवलं, की सूज असलेली बाई टेबलावरच दचकते. गर्भाशयावर किंवा त्याच्या दोन्ही बाजूंना दाबलं तरी तसंच दुखतं. तरुण, शरीरसंबंध असलेल्या बाईला ओटीपोटात दुखत असेल, दुसरं काही कारण सापडत नसेल आणि या तिन्हींपैकी एका ठिकाणी जरी असं दुखलं, तरी औषध सुरू करायचं, असा जगभरचा नियम आहे. जंतूंची तपासणी पाठवायची, पण तिच्या उत्तरासाठी औषध अडवायचं नाही. ती निगेटिव्ह आली तरी औषध बंद करायचं नाही, कारण स्वॅब घेतला जातो गर्भाशयाच्या तोंडाशी आणि आजार असतो वर. प्रेग्नन्सी टेस्ट त्यांनी आधी केली हेही अगदी बरोबर. नळीत राहिलेला गर्भ असाच दुखतो आणि तो चुकला तर जिवावर बेततं. शिवाय तुला दिलेल्या गोळ्यांपैकी डॉक्सिसायक्लिन, म्हणजे डॉक्सी, गरोदरपणात देत नाहीत.

आता उशिराचं. गर्भनलिका साधारण १० ते १२ सेंटिमीटर लांबीची असते, पण गर्भाशयाजवळ तिची आतली वाट जेमतेम एक मिलिमीटर रुंद. आतल्या अस्तराला नाजूक घड्या असतात आणि त्यांवर केसांहून बारीक तंतू सतत हलत असतात. स्त्रीबीज पुढे सरकतं ते मुख्यतः त्यांच्या जोरावर. जंतू वर चढले की हे तंतू झडतात, घड्यांना सूज येते आणि सुजलेल्या घड्या एकमेकींना चिकटतात. ओले पापड एकावर एक ठेवून वाळवले तर नंतर सुटत नाहीत, तसंच. औषधानं जंतू मरतात, दुखणं थांबतं, पण चिकटून वाळलेली घडी औषधानं सुटत नाही. नळी पूर्ण बंद झाली तर गर्भ राहत नाही. अर्धवट चिकटली तर शुक्राणू वर पोचतो, पण फलित झालेलं बीज खाली उतरताना अडकतं आणि नळीतच वाढू लागतं.

स्वीडनमधल्या लुंड शहरात पोटात दुर्बीण घालून खात्री केलेल्या पीआयडीच्या बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला गेला. १९९२ साली आलेल्या त्या अभ्यासात, एकदा आजार झालेल्यांपैकी ८ टक्के बायकांना नळ्या खराब झाल्यामुळे मूल राहिलं नाही. दोनदा झालेल्यांत हे प्रमाण २० टक्क्यांच्या जवळ गेलं आणि तीन किंवा जास्त वेळा झालेल्यांत ४० टक्क्यांवर. याच अभ्यासातल्या बायकांचं उशिराच्या अंगानंही विश्लेषण झालं. दुखायला लागल्यापासून तीन किंवा अधिक दिवस उशीर करणाऱ्यांमध्ये पुढे वंध्यत्व किंवा नळीतला गर्भ होण्याचा धोका, वेळेवर आलेल्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाला. क्लॅमिडिया नावाचा जंतू असलेल्यांत हा फरक सर्वांत ठळक होता.

हे वाचून तीन आठवडे मोजत रडत बसू नकोस. पहिल्या खेपेच्या १०० जणींपैकी ९२ जणींच्या नळ्यांनी दगा दिलेला नव्हता, हेही तोच अभ्यास सांगतो. पण सासूबाई ज्याला गरम गोळ्या म्हणतात त्या न घेतल्यानं मूल राहायला त्रास होऊ शकतो, घेतल्यानं नाही. त्यांना हे असंच सांग. ओव्याचं पाणी त्यांनी प्रेमानं दिलं असेल, ते पी, त्याला माझी ना नाही. गोळ्यांच्या जागी मात्र नको.

पहिल्या पाच दिवसांच्या गोळ्यांनी बरं वाटून पुन्हा का सुरू झालं, हे कळलं की तीन औषधं का लागतात हेही कळतं. तू नाव लिहिलेलं नाहीस, पण अशा वेळी बहुधा जुलाबासाठी मिळते ती दोन औषधांची मिश्र गोळी हातात पडते. गोनोरियाचे जंतू त्या गटातल्या औषधांना आता दाद देत नाहीत, आपल्या देशात तर नाहीच नाही. उरलेल्या जंतूंना पाच दिवस पुरत नाहीत. थोडे मरतात, सूज ओसरते, दुखणं थांबतं आणि राहिलेले पुन्हा वाढतात.

पीआयडीत एकच जंतू असेल असं धरून चालता येत नाही. म्हणून तुला दिलेलं सेफ्ट्रिॲक्सोनचं इंजेक्शन गोनोरियासाठी. ते कमरेत एकदाच, बहुतेक ठिकाणी ५०० मिलिग्रॅम. दुखतं, पण तेवढंच. क्लॅमिडियावर त्याचा काही उपयोग नाही. तो पेशीच्या आत लपून, सावकाश वाढणारा जंतू आहे, त्याची एक फेरीच दोन-तीन दिवसांची. त्यासाठी डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. तिसरी मंडळी म्हणजे हवेशिवाय जगणारे जंतू, जे योनीतूनच वर जातात आणि पू साठवण्यात पुढे असतात. त्यांच्यासाठी मेट्रोनिडाझोल दिवसातून दोनदा. इंटरनेटवर तुला ५०० मिलिग्रॅम दिसेल आणि चिठ्ठीवर ४००, त्यानं गोंधळू नकोस. आपल्याकडे गोळीच ४०० ची येते आणि सरकारी उपचारातही तोच डोस आहे. पूर्वी पेनिसिलिन किंवा तशा कुठल्या इंजेक्शननं अंगावर पित्त उठलं असेल, धाप लागली असेल, तर सुई टोचण्याआधी सांग.

गोळ्या दोन्ही प्रकारच्या २८-२८ लागतात. केमिस्टकडून एकच पट्टी आणून बघू या, असं करू नकोस. चौथ्या-पाचव्या दिवशी बरं वाटतं आणि दुसरी पट्टी आणायचीच राहते, हा माझ्या ओपीडीतला रोजचा अनुभव.

घ्यायच्या कशा, ते नीट वाच, कारण अर्ध्या मुली औषधाच्या त्रासानं नाही, चुकीच्या वेळी घेतल्यानं कोर्स सोडतात. सकाळी पोहे खाऊन झाले की दोन्ही गोळ्या एक मोठा ग्लास पाण्याबरोबर. चहाचा घोट घेऊन नाही, दुधाबरोबर तर नाहीच. दूध, कॅल्शियम आणि रक्तवाढीची लोहाची गोळी डॉक्सीला पोटात शोषू देत नाहीत, त्यांच्यात दोन-तीन तासांचं अंतर ठेव. रात्री जेवणानंतर लगेच घे, अंथरुणावर पडता पडता नको. डॉक्सीची गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते, मग छातीत अशी आग होते की मुली हार्टचं दुखणं समजून येतात. गोळीनंतर अर्धा तास बसून किंवा उभं राहा. चतुर्थीचा उपास आला तर साबुदाण्याच्या खिचडीनंतर घे, पण उपाशीपोटी घेऊ नकोस आणि उपासासाठी सोडू तर अजिबात नकोस. पाळी आली तरी चालूच.

मेट्रोनिडाझोलनं तोंडाला लोखंडासारखी चव येते, मळमळतं, लघवी गडद होते. कोर्स संपला की हे जातं. डॉक्सीनं उन्हात कातडी लवकर भाजते, पण इंदूरच्या मुली स्कूटीवर तोंडाला ओढणी बांधूनच फिरतात, तेव्हा तुला नवीन काही करावं लागणार नाही. एखादी वेळ चुकली तर आठवेल तेव्हा एक घे, दोन एकदम नकोत. गोळी घेतल्यावर लगेच उलटी होऊन पडत असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर. पोटात टिकत नसेल तर औषध शिरेतून द्यावं लागतं.

आता सर्वांत महत्त्वाची तारीख, ती कॅलेंडरवर लिही: औषध सुरू केल्यापासून तिसरा दिवस. त्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा आतून तपासायला हवं. ७२ तासांत ताप असेल तर उतरायला हवा, चालताना ओटीपोट धरावं लागू नये आणि तपासताना आधीइतकं दचकायला होऊ नये. पूर्ण बरं वाटलं नाही तरी चालेल, दिशा बदललेली दिसली पाहिजे. ती दिसली नाही तर आणखी पाच दिवस थांबून बघू असं नाही. दाखल व्हायचं, सोनोग्राफी पुन्हा करायची, पू साठला आहे का आणि मुळात आजार दुसरा तर नाही ना, हे बघायचं. अपेंडिक्स उजव्या बाजूला असाच फसवतो. आणि पूर्ण कोर्स करूनही दुखणं रेंगाळलं, घरात किंवा तुला कधी टीबी झालेला असेल, तर तेही सांग. आपल्याकडे नळ्यांचा टीबी दुर्मीळ नाही आणि या गोळ्यांनी तो जात नाही.

चक्कर येऊन पडणं, थंडी वाजून जोराचा ताप, उलट्या, पोट फळीसारखं कडक होणं, यातलं काहीही झालं तर तिसऱ्या दिवसाची वाट नाही. रात्री दोन वाजले तरी एमवाय हॉस्पिटलची कॅज्युअल्टी उघडी असते.

आता तुझे हे. त्यांना काही होत नाही हे खरं असेल. पुरुषांमध्ये क्लॅमिडिया बहुतेक वेळा गुपचूप राहतो. लघवीला जळजळ नाही, काही दिसत नाही आणि तरी जंतू आहेत, असं महिनोन्‌महिने चालू शकतं. तू २८ गोळ्या पूर्ण केल्यास आणि त्यांनी काहीच घेतलं नाही, तर पहिल्या संबंधात तेच जंतू परत येतील. मग ती दुसरी खेप आणि वर दिलेले आकडे दुसऱ्या खेपेला कुठे जातात ते बघ. म्हणून नियम असा की लक्षणं सुरू होण्याआधीच्या ६० दिवसांत ज्याच्याशी संबंध आला, त्याला त्रास असो वा नसो, तुझा रिपोर्ट काहीही येवो, औषध द्यायचंच.

त्यांचा कोर्स तुझ्याइतका लांब नसतो. पुरुषांत सहसा मूत्रमार्गातलेच जंतू मारायचे असतात, वर सूज नसते. डॉक्टर एक इंजेक्शन आणि सात दिवस डॉक्सी देतील किंवा सरकारी पद्धतीनं ॲझिथ्रोमायसिन एक ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम, दोन्ही एकदाच. तुझ्या पट्टीतल्या गोळ्या त्यांना वाटून देऊ नकोस. तसं केलं की दोघांचाही कोर्स अर्धवट राहतो. दुधात कालवून लपवून तर मुळीच नको. तसंही, दुधातली डॉक्सी फुकटच जाणार.

सांगायचं कसं, हा तुझा खरा अडसर असणार. फोनवर सांगू नकोस, सुट्टीला घरी आले की सांग, आणि सासूबाईंच्या समोर नको. असं म्हणून बघ: "अहो, मला आत सूज आली आहे. डॉक्टर म्हणतात हे जंतू दोघांत फिरतात, त्रास मात्र बाईलाच जास्त होतो. मी एकटीनं औषध घेतलं तर पुन्हा होईल आणि मग आपल्याला मूल राहायला अडचण येईल. तुम्ही एकदा चला." कोणामुळे झालं, हा प्रश्न निघालाच तर उत्तर प्रामाणिकपणे हेच की सांगता येत नाही. पीआयडीच्या निम्म्याहून अधिक बायकांत गोनोरिया किंवा क्लॅमिडिया सापडतच नाही. सापडला तरी तो कधीपासून अंगात आहे, लग्नाआधीचा की नंतरचा, कोणाकडून कोणाकडे, हे कुठल्याही तपासणीत लिहून येत नाही. ज्या घरात या प्रश्नावर भांडण सुरू होतं, तिथे औषध मागे पडतं, एवढं मात्र मी पुष्कळ बघितलं आहे. डॉक्टर त्यांच्याशी एकट्यानं बोलतील. आणखी कोणाशी संबंध असेल तर ते तिथे सांगू देत, तिलाही औषध मिळायला हवं. दोघांची एचआयव्ही आणि सिफिलिससाठीची व्हीडीआरएल तपासणीही याच वेळी होईल. हा संशय नाही, असा जंतू शंकेत असला की ती करायचीच असते.

पिथमपूरहून येणं जमत नसेल तर डॉक्टरांकडून त्यांच्या नावाची चिठ्ठी घे, तिथल्या दवाखान्यात इंजेक्शन होऊ शकतं. पैशाची अडचण असेल तर सरकारी मेडिकल कॉलेजात आणि जिल्हा रुग्णालयात 'सुरक्षा क्लिनिक' असतं. तिथे ओटीपोटाच्या दुखण्यासाठी बाईला पिवळं किट मिळतं आणि जोडीदाराला करड्या रंगाचं, दोन्ही फुकट. पिवळ्या किटात इंजेक्शनऐवजी सेफिक्झिमची गोळी असते, बाकी दोन औषधं तीच, चौदाच दिवस.

दोघांचा कोर्स पूर्ण होऊन तुझं दुखणं पूर्ण थांबेपर्यंत संबंध ठेवू नका. निरोधनं भागेल का, असं पुष्कळ जणी विचारतात. या दिवसांत तेही नको, सुजलेल्या जागेला आराम हवा. आतून धुण्याचं कुठलंही लिक्विड वापरत असशील तर बंद कर. तपासणीत क्लॅमिडिया किंवा गोनोरिया आला असेल तर तीन महिन्यांनी ती पुन्हा कर, बरं वाटत असलं तरी.

मूल हवं असेल तेव्हा खुशाल प्रयत्न करा. नळ्या उघड्या आहेत का बघायला लगेच एक्स-रे काढायची गरज नाही. एरवी तुझ्या वयाच्या जोडप्याला आम्ही वर्षभर थांबायला सांगतो, तू मात्र सहा महिन्यांत दिवस राहिले नाहीत तर ये आणि हा आजार झाला होता हे पहिल्याच वाक्यात सांग. आणि दिवस राहिले तर पाळी चुकल्यावर आनंदात तीन महिने थांबू नकोस. सहाव्या आठवड्यात सोनोग्राफी करून गर्भ पिशवीतच आहे ना, हे बघून घे. त्याआधी एका बाजूला कळ आली, खांदा दुखला किंवा भोवळ आली तर त्याच तासाला हॉस्पिटल गाठ.